तोटा विकायचा, पण बारा महिने भरण्याआधी

मार्च उजाडला की तोट्यातले शेअर्स विकून कर वाचवण्याची घाई सुरू होते. त्या घाईत बहुतेक जण तोटा किती ते पाहतात, तो किती जुना आहे ते पाहत नाहीत. माझ्या मते आधी पाहायची गोष्ट हीच.

शेअर बारा महिन्यांच्या आत विकला तर नफा अल्पकालीन. त्यावर सध्या २० टक्के कर. त्यापुढे तो दीर्घकालीन होतो आणि वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावरच साडेबारा टक्के कर लागतो. तोट्यालाही हाच निकष आहे. अल्पकालीन तोटा दोन्ही नफ्यांतून वजा होतो, दीर्घकालीन तोटा मात्र फक्त दीर्घकालीन नफ्यातून.

समजा, नाशिकच्या एका शिक्षिकेला यंदा एक लाख अल्पकालीन आणि नव्वद हजार दीर्घकालीन नफा झाला आहे. उपकरासह कर होतो २०,८०० रुपये, तोही सगळा अल्पकालीन नफ्यावरचा. त्यांनी अकरा महिन्यांपूर्वी एका कंपनीचे २०० शेअर्स ९०० रुपयांना घेतले होते. आज भाव ६०० आहे, म्हणजे साठ हजारांचा तोटा. तो आत्ता घेतला तर कर ८,३२० वर येतो. दोन महिने थांबल्या, तर तो तोटा दीर्घकालीन होईल. पुढच्या वर्षीही त्यांचा दीर्घकालीन नफा नव्वद हजारच असला, तर मुळात करमुक्त असलेल्या त्या नफ्यातच तोटा जिरेल आणि हाती काहीच लागणार नाही.

यात एक अडचण असते. त्याच कंपनीचे २०० शेअर्स त्यांच्याकडे तीन वर्षांपासून, ४०० रुपयांच्या भावाचे, त्याच डीमॅट खात्यात आहेत. कायदा आधी आलेला शेअर आधी विकला असे धरतो. २०० विकले तर जुने जातील आणि तोट्याऐवजी चाळीस हजारांचा नफाच नोंदला जाईल. तोटा हवा असेल तर चारशेही विकावे लागतील. मग दीर्घकालीन नफा एक लाख तीस हजार होतो, वरच्या पाच हजारांवर ६५० रुपये कर लागतो. तरीही ११,८३० रुपये वाचतात. विकण्याआधी ब्रोकरच्या ॲपमध्ये खरेदीच्या तारखा पाहिल्या की हे लगेच कळते.

कंपनीवर विश्वास असेल तर शेअर्स परत घेता येतात, मात्र त्याच दिवशी नाही. त्या दिवसाचा व्यवहार इंट्राडे ठरतो, डिलिव्हरी होत नाही आणि हा तोटा नोंदलाच जात नाही. दुसऱ्या दिवशी घ्यावेत. रात्रीत भाव चढण्याची जोखीम राहतेच. शिवाय नवी खरेदी ६०० ची असल्याने पुढे नफा तितका मोठा दिसेल, म्हणजे कराचा काही भाग पुढे ढकलला जातो. उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते.