बाटलीतलं लायसिन, वरणातलं लायसिन
लेखमाला : पोटापुरतं – भाग ९

मागच्या भागात आपण भाताबद्दल बोललो. आज त्यावर ओतायच्या वरणाबद्दल. निमित्त आहे बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावातल्या आरोग्य मेळाव्यात ऐकलेलं एक भाषण. बोलणारी डॉक्टर एमबीबीएस होऊन बंधपत्राच्या नेमणुकीवर प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेली, वयाने समोरच्या निम्म्या बायांच्या मुलीएवढी. मेळावा म्हणजे रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासायची रांग, मंडपाच्या कोपऱ्यात आशाताईंचं टेबल आणि मध्येच माइकवर कोणाचं तरी मार्गदर्शन. मार्गदर्शन सुरू झालं की लोक उठतात. या दिवशी उठले नाहीत, कारण बाईंनी माइक बाजूला ठेवून तूरडाळीची पिशवी आणि वजनकाटा टेबलावर ठेवला होता.

“मावशी, घरात किती माणसं?” त्यांनी पहिल्याच रांगेतल्या एकीला विचारलं.

“सहा.”

“मग वरणाला डाळ किती टाकता? टाका बरं काट्यावर.”

मावशींनी दोन मुठी टाकल्या. काट्यावर साठ ग्रॅमच्या आसपास आकडा आला. सहा माणसांत वाटले तर माणशी दहा ग्रॅम. बाकी सगळं पाणी, हळद आणि मीठ. बाईंनी पुढे काही बोलायच्या आधीच मागून कोणीतरी हसून म्हणालं, “पोरांना पातळच लागतं, म्याडम.”

पोरांना पातळ लागतं हे काही खरं कारण नव्हे, आणि तिथे बसलेल्या प्रत्येकीला ते माहीत होतं. त्याकडे शेवटी येऊ. आधी त्या दहा ग्रॅमचा हिशेब करून बघू, कारण भाषणाचा कणा तोच होता. बाईंनी तो थोडक्यात सांगितला, मी इथे जरा सावकाश मांडतो.

पंचेचाळीस किलो वजनाची, शेतावर किंवा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात रोजंदारीवर जाणारी बाई घ्या. या भागात दिवसाला चारशे ग्रॅम तांदळाचा भात खाणं काही विशेष नाही. शंभर ग्रॅम तांदळात साधारण आठ ग्रॅम प्रथिन असतं, म्हणजे भातातून तिला एकतीस-बत्तीस ग्रॅम मिळालं. तिची गरज सदतीसच्या आसपास. वरवर पाहता थोडंच कमी पडतं. पण प्रथिन म्हणजे एकच एक वस्तू नाही. ते अमिनो आम्लांचं बनतं, त्यांतली काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, आणि त्यांतलं एक जरी कमी पडलं तरी बाकीच्यांचा शरीर बांधायला पुरा उपयोग होत नाही. तांदळात कमी पडतं ते लायसिन. पंचेचाळीस किलोच्या बाईला दिवसाला साडेतेराशे मिलिग्रॅम लायसिन लागतं, आणि चारशे ग्रॅम तांदूळ देतो अकराशेच्या आसपास.

आता वरण. डाळीत शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅम प्रथिन असतं आणि त्यात लायसिनचं प्रमाण तांदळाच्या जवळजवळ दुप्पट. पातळ वरणातल्या दहा ग्रॅम डाळीने दीडशे मिलिग्रॅमची भर पडते. अजूनही शंभर-एक कमीच. तीच डाळ माणशी तीस ग्रॅम, म्हणजे सहा जणांच्या भांड्यात दोनऐवजी सहा मुठी झाली, की साडेचारशे मिलिग्रॅम लायसिन येतं आणि प्रथिनाचा आकडाही सदतीसच्या पुढे जातो. भाताचं प्रथिनसुद्धा आता पुरतं कामी येतं. उलट डाळीत जे अमिनो आम्ल कमी असतं, मेथिओनिन, ते तांदळात पुरेसं असतं. म्हणून वरणभात किंवा खिचडी हे सुटं सुटं खाण्यापेक्षा वेगळंच प्रकरण आहे. अर्थात हा किमान हिशेब झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शक आहारात डाळी-कडधान्यं दिवसाला पंच्याऐंशी ग्रॅम धरली आहेत.

मग बाईंनी पिशवीतून टॉनिकची बाटली काढली. गावातल्याच एका घरातून मागून आणलेली, लेबल शाबूत असलेली. दोनशे मिलिलिटर, किंमत दीडशेच्या घरात. रोज दोन चमचे घेतलं तर वीस दिवसांत संपणारी. लेबलवर काही ब जीवनसत्त्वं, जस्त आणि तेच लायसिन, मिलिग्रॅममध्ये मोजलेलं. बाकी गोड पाक आणि रंग. तेवढ्या पैशात किलोभर तूरडाळ येते आणि त्यात प्रथिन असतं दोनशे वीस ग्रॅम. “लायसिन पाहिजे ना? मग हे घ्या,” म्हणून त्यांनी बाटली खाली ठेवून पिशवी वर केली. सगळ्या भाषणात एवढंच काय ते नाटकी होतं, पण लोकांच्या लक्षात तेच राहिलं असणार.

एक आक्षेप मात्र तिथेच निघाला आणि तो महत्त्वाचा होता. एका आजीने सांगितलं की नातवाला टॉनिक दिल्यावर तो जेवायला लागला, वजनही वाढलं. हे खोटं नाही. भूक वाढवणाऱ्या बऱ्याच सरबतांत सायप्रोहेप्टाडिन नावाचं औषध असतं. ते मुळात ॲलर्जीवरचं. भूक वाढणं हा त्याचा दुष्परिणाम, तोच विकला जातो. सोबत झोप येते, मूल दिवसा पेंगतं. बाटली संपली की भूक पुन्हा होती तिथे येते आणि दुसरी बाटली आणावी लागते. बाईंनी आजींना खोडलं नाही. पोरगा शाळेत झोपतो का, एवढंच विचारलं. आजी गप्प राहिल्या.

‘ताकदीच्या सलाईन’चंही तसंच. अंग मोडून आलं की हाताला बाटली लावून घ्यायची सवय या पट्ट्यात मुरलेली आहे. ग्लुकोजची पाच टक्क्यांची अर्धा लिटरची बाटली म्हणजे पंचवीस ग्रॅम साखर, पाच-सहा चमचे. उलट्या-जुलाबांत पाणी आटलं असेल तर शिरेतून दिलेलं पाणी जीव वाचवतं. नुसत्या थकव्यावर तो चारशे-पाचशे रुपयांचा चहा.

पालेभाज्यांवर येताना मला थोडी धास्ती होती. इथे वक्ते हमखास ‘पालक खा, रक्त वाढेल’ म्हणतात. बाईंनी ते टाळलं, आणि बरं केलं. शेवग्याच्या पाल्यात किंवा माठात शंभर ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. पण वनस्पतीतलं लोह शरीर फार थोडं उचलतं, आणि पालकातलं ऑक्झॅलेट त्यात आणखी अडथळा आणतं. किशोरवयीन मुलीला दिवसाला तीस मिलिग्रॅम लोह लागतं. वर सांगितलेला भात, तीस ग्रॅम डाळ आणि वाटीभर भाजी यांतून दहाचा टप्पा गाठतानाही दमछाक होते. तेव्हा भाजीचं खरं काम वेगळं आहे. शेवग्याचा पाला, माठ, टाकळा यांत अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल भरपूर, शिवाय फॉलेट आणि कॅल्शियम. अ जीवनसत्त्वाचा हा कच्चा माल तेलाशिवाय नीट शोषला जात नाही, म्हणून नुसत्या उकडून खाल्लेल्या भाजीतला तो बराचसा वाया जातो. चमचाभर तेलाची फोडणी ही चैन नव्हे. क जीवनसत्त्व शिजताना बरंचसं जातं, म्हणून गॅस बंद केल्यावर वरून लिंबू पिळायचं. लिंबामुळे डाळीतलं लोहही जास्त शोषलं जातं. चहा याच्या अगदी उलट करतो. जेवणावर लगेच घेतलेला चहा त्या लोहाचा मोठा भाग अडवून ठेवतो, आणि वसाहतीतल्या दुपारच्या सुट्टीत डबा आणि चहा एकदमच होतात. तासाभराने चहा घ्या, एवढा बदल फुकटात होतो.

इथून पुढे डाळभाजीची बाजू लंगडी पडते, आणि ते कबूल करणारं भाषण मला जास्त भरवशाचं वाटतं. हिमोग्लोबिन खूप उतरलं असेल तर वरणाने ते वेळेत चढत नाही. तिथे लोहाची गोळीच लागते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी साठ मिलिग्रॅम लोहाची असते आणि ती फुकट मिळते. त्या गोळीला टॉनिक समजून नाकं मुरडणाऱ्या आणि दुकानातून लोहाचं सरबत विकत आणणाऱ्या घरांबद्दल बाई बऱ्याच तिखट बोलल्या. पण पंडुरोग म्हणजे दर वेळी लोहाची कमतरता असंही नाही. पालघरच्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात रक्त कमी होतं ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून, आणि तपासणी न करता लोह देत राहणं चुकीचं. मूल पिवळट दिसतं, हातपाय किंवा सांधे अधूनमधून असह्य दुखतात, असं असेल तर आधी रक्ताची सिकलसेल चाचणी.

तिसरी गोष्ट क्षयाची. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, उतरत जाणारं वजन या तिन्हींना घरात ‘अशक्तपणा’ म्हणतात, आणि अशक्तपणावर बाटली येते. दोन बाटल्या संपेपर्यंत दीड महिना जातो, तेवढ्यात घरातल्या इतरांनाही लागण होते. इथे आहाराचं काम किती मोठं आहे, याचा चांगला पुरावा झारखंडमधून आला आहे. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने तिथल्या चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांचा अभ्यास केला. तो 2023 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. अर्ध्या घरांत रुग्णाखेरीज प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांची गोळी दिली. उरलेल्या घरांतल्या माणसांच्या तुलनेत या घरांत नव्या क्षयाचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झालं. दीड किलो महिन्याला म्हणजे दिवसाला पन्नास ग्रॅम डाळ. जीवनसत्त्वांची गोळी त्यातही होती, पण अन्नाच्या जोडीला, एकटी नाही.

प्रश्नोत्तरांत वायूचा विषय निघालाच. वाल, हरभरा, चवळी रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं, मोड आणले, मग शिजवलं की त्रास बराच कमी होतो, आणि लोहाला अडवणारं फायटेटही उतरतं. किनाऱ्याकडे बिरड्याला वाल सोलतात ते चवीसाठी, पण पोटालाही ते मानवतं.

आणि मग पातळ वरणाचं खरं कारण मावशींनीच सांगितलं. तांदूळ रेशनवर येतो, डाळ दुकानातून आणावी लागते. प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य फुकट मिळतं, डाळ त्यात नाही. 2020 च्या टाळेबंदीत काही महिने कुटुंबामागे किलोभर डाळ किंवा हरभरा मिळाला आणि मग थांबला. माणशी तीस ग्रॅमने सहा जणांना महिन्याला साडेपाच किलो डाळ लागते, सातशे रुपयांच्या आसपास. रोजंदारीच्या घरात हा आकडा लहान नाही. टॉनिकची बाटली एकदाच घ्यायची असते आणि आईने पोरासाठी काहीतरी केल्याचं त्यात दिसतं. डाळीत तसं काही दिसत नाही.

बाईंकडे याचं पुरं उत्तर नव्हतं. भाताच्या बांधावर तूर लावा, भात निघाल्यावरच्या ओलीवर वाल-हरभरा टाका, शाळेतल्या पोषण आहारात डाळ खरंच किती पडते ते बघायला जा, असं त्या म्हणाल्या. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज वीस ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीस ग्रॅम डाळ मिळायला हवी. मावशींनी आपल्या दोन्ही नातवंडांच्या इयत्तांना किती डाळ ते विचारून घेतलं आणि सोमवारी शाळेत जाते म्हणाल्या.

(पुढच्या भागात : सुकट, जवळा आणि किनाऱ्यावरचं कॅल्शियम)