मधली खुर्ची काढली, मधलं अंतरही मिटवलं

समुद्रकिनाऱ्यावर आजी-आजोबांचा छान फोटो मिळाला, पण दोघांच्या मधोमध कुणाची तरी लाल प्लास्टिकची खुर्ची आली. खुर्ची पुसणं आता अवघड राहिलेलं नाही. तिच्या जागी आजूबाजूची वाळू नि पाणी भरून देणारी साधनं बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतात. पण खुर्ची गेली तरी तिची जागा उरतेच. आजी-आजोबा एकमेकांशी भांडून लांब उभे राहिल्यासारखे दिसतात. खुर्चीबरोबर ही जागाही काढून दोघांना जवळ आणायचं असेल, तर ‘सीम कार्व्हिंग’ नावाची पद्धत उपयोगी पडते. शाय अविदान आणि एरियल शमीर या दोन संशोधकांनी ती 2007 साली मांडली.

सैल कपडा शिंपी मधून कापत नाही, शिवण आत घेतो. ही पद्धतही तसंच करते. फोटोच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एक पिक्सेल रुंदीची वेडीवाकडी रेषा शोधायची, ती काढून टाकायची आणि उजवीकडचा भाग एक पिक्सेल डावीकडे सरकवायचा. या रेषेलाच शिवण म्हणू. तिचे नियम दोनच आहेत. प्रत्येक ओळीतला एक आणि एकच पिक्सेल ती घेते, आणि एका ओळीतून खालच्या ओळीत जाताना फार तर एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकते.

कोणती शिवण काढायची, हे किमतीवरून ठरतं. शेजाऱ्यांपेक्षा फार वेगळा असलेला पिक्सेल महाग. चष्म्याची काडी, साडीचा काठ, चेहऱ्याची कड ही त्याची उदाहरणं. सपाट आकाशातला पिक्सेल स्वस्त, कारण तो गेल्याचं कळत नाही. वरून खाली जाण्याच्या वाटा अगणित असल्या तरी प्रत्येक वाट तपासावी लागत नाही. संगणक वरच्या ओळीपासून एकेक ओळ खाली येतो. प्रत्येक पिक्सेलपाशी वरच्या तीन शेजाऱ्यांपैकी जिथून सर्वांत स्वस्तात पोचता येतं तो निवडतो आणि बेरीज लिहून ठेवतो. तळाच्या ओळीतली सर्वांत लहान बेरीज सापडली, की तिथून उलट वर जाऊन पूर्ण शिवण मिळते.

खुर्ची काढण्यासाठी या हिशेबात एक युक्ती करतात. खुर्चीवर रंग फासून तिच्या पिक्सेलना मोठी उणे किंमत दिली जाते. त्यामुळे खुर्चीतून जाणारी वाट हीच सर्वांत फायद्याची ठरते आणि शिवणी तिकडे ओढल्या जातात. आजी-आजोबांवर दुसरा रंग फासून त्यांची किंमत प्रचंड वाढवली जाते. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरच्या ‘लिक्विड रिस्केल’ या जोडणीत हे दोन्ही रंग वेगवेगळ्या थरांवर देता येतात.

आता प्रत्यक्ष मोजून पाहू. फोटो 1200 पिक्सेल रुंद आणि 800 उंच आहे. डावीकडे आजोबा उभे आहेत, उजवीकडे आजी, आणि दोघांमध्ये 280 पिक्सेलचं अंतर आहे. खुर्ची तिच्या सर्वांत रुंद ओळीत 140 पिक्सेल आहे. प्रत्येक शिवण एका ओळीतला एकच पिक्सेल घेते, म्हणून खुर्ची पूर्ण जायला किमान 140 शिवणी काढाव्या लागणार. शेवटी फोटो 1060 रुंद होईल. सगळ्या शिवणी दोघांच्या मधून गेल्या, तर आजी 140 पिक्सेल डावीकडे येतील आणि मधलं अंतर निम्मं होईल.

पण खुर्ची नसलेल्या ओळींतूनही 140 पिक्सेल जाणारच असतात. खुर्चीच्या वर जिथे फक्त समुद्र दिसतो, तिथे प्रत्येक ओळीतून तेवढंच पाणी कापलं जातं. म्हणून दोघांच्या मध्ये प्रत्येक उंचीवर निदान 140 पिक्सेल मोकळी जागा हवी. आजोबांनी कमरेवर हात ठेवला आहे आणि कोपरापाशी मोकळी जागा 100 पिक्सेलच उरली आहे, असं समजा. उरलेल्या 40 शिवणींना वरून खुर्चीपर्यंत पोचायचं तर कुणाच्या तरी अंगातून जावंच लागेल. संरक्षणाचा रंग कितीही गडद फासला तरी कोपर बारीक होणार. फोटो कापण्याआधी सर्वांत अरुंद जागा मोजायची ती यासाठीच.

दुसरी अडचण सावलीची. खुर्ची गेली आणि वाळूवर सावली राहिली, तर फसवणूक लगेच कळते. म्हणून सावलीवरही रंग फासावासा वाटतो. पण सावली 200 पिक्सेल पसरली असेल, तर शिवणीही 200 लागतात आणि वरच्या प्रत्येक ओळीतून तेवढंच कापलं जातं. त्यापेक्षा सावली आधी क्लोन स्टँपने शेजारच्या वाळूने झाकावी आणि शिवणींना फक्त खुर्ची द्यावी. खुर्चीचा एखादा पाय बाजूला निघाला असेल, तर तोही असाच आधी झाकावा. सर्वांत रुंद ओळ जितकी कमी, तितकं मागच्या दृश्याचं नुकसान कमी.

तिसरी गोष्ट मागच्या रेषांची. क्षितिज अगदी आडवं असेल तर त्याला काही होत नाही, कारण पिक्सेल आपल्याच ओळीत सरकतात. तिरकी रेषा मात्र बिघडते. पाणी आणि वाळू यांची सीमा दर 10 पिक्सेलना 1 पिक्सेल खाली उतरते असं धरू. ती खुर्चीच्या मागून जात असेल, तर तिथे सलग 140 पिक्सेल गेल्याने रेषेत 14 पिक्सेलची पायरी पडते. ती खुर्चीच्या वरून जात असेल आणि शिवणी पसरून गेल्या असतील, तर पायरी पडत नाही. पण 280 पिक्सेलमधला उतार 140 मध्ये कोंबला जातो आणि सीमा मध्येच दुप्पट तिरकी होते. उभ्या रेषांची गत आणखी वेगळी. आजींच्या डोक्यामागे दिव्याचा खांब असेल आणि वरच्या ओळींत काही शिवणी त्याच्या उजवीकडून गेल्या, तर खांबाचा खालचा भाग जास्त सरकतो आणि वरचा कमी. खांब वाकतो. अशा खांबावरही संरक्षणाचा रंग फासून पाहावा. त्यातून शिवणी आरपार जाण्याचं टाळतात आणि तो सहसा सरळ राहतो.

मूळ पद्धतीत एक उणीव होती. काढलेल्या पिक्सेलची किंमत ती मोजत असे, पण तो गेल्यावर जे दोन पिक्सेल नव्याने शेजारी येतात, त्यांच्यात किती फरक आहे हे पाहत नसे. त्यामुळे कडा दातेरी व्हायच्या. 2008 साली मायकेल रुबिन्स्टाइन, शमीर आणि अविदान यांनी हा नवा फरकच किंमत म्हणून मोजायचं सुचवलं. सॉफ्टवेअरमध्ये असा पर्याय असेल तर तो निवडावा.

फोटो पुन्हा 1200 रुंद हवा असेल, तर स्वस्त शिवणींच्या शेजारी नव्या शिवणी घालता येतात. पण सपाट पाणी दोघांच्या मध्येही आहे. तिथे संरक्षण दिलं नाही, तर नुकतंच मिटवलेलं अंतर पुन्हा उघडतं. म्हणून दोन माणसं आणि मधली जागा या सगळ्यावर एकच अखंड रंग फासावा आणि भर बाहेरच्या बाजूंना पडू द्यावी.

या सगळ्यावरून पद्धत कुठे वापरावी हे ठरवता येतं. मागे वाळू, आकाश, गवत किंवा धुकं असेल आणि मधली वस्तू मोकळ्या जागेपेक्षा अरुंद असेल, तर ती चांगली चालते. मागे फरशीच्या तिरक्या रेघा, जिना किंवा कठडा असेल, तर दोन्ही माणसं वेगळी कापून नव्याने जवळ ठेवणं बरं. बातमीच्या किंवा पुराव्याच्या फोटोत मात्र यांतलं काहीच करू नये. कोण कुणापासून किती लांब उभं होतं, हीही तिथे माहितीच असते.