आठ तारीख उलटली की

दत्ता हे नाव खरं नाही. पुण्यातल्या बाणेर-बालेवाडीच्या पट्ट्यात असे बरेच दत्ता आहेत. त्यांच्या हकिकती जोडून ही एक गोष्ट केली आहे. पात्रं आणि रकमा रचलेल्या, कायदा मात्र खरा.

दत्ता अंबाजोगाईकडचा. एका बऱ्यापैकी चालणाऱ्या रेस्टॉरंटात आचारी. सकाळी दहाला येऊन कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही चढवायची, दुपारी साडेतीनला किचन थंडावलं की वरच्या खोलीत पडायचं आणि सहाला पुन्हा खाली. पगार बावीस हजार, राहणं-खाणं मालकाकडे. नेमणूकपत्र नव्हतं, पगाराची पावती नव्हती. दोन वर्षं सगळं ठीक चाललं. मग डिसेंबरचा पगार आला तो वीस जानेवारीला, आणि तोही बाराच हजार. "बाकीचे पुढच्या आठवड्यात," असं मॅनेजर म्हणाला. जानेवारीचे आठ हजार मिळाले, फेब्रुवारीचे पाच. मार्चचा छदामही आला नाही.

म्हणजे चार महिन्यांत अठ्ठ्याऐंशी हजार व्हायला हवे होते, हातात पडले पंचवीस. त्रेसष्ट हजार अडकले.

पगार थकला तरी आचारी काम सोडत का नाही, हे किचनबाहेरच्या माणसाला कोडं वाटतं. कारण साधं आहे. सोडलं तर थकलेले पैसे बुडाले अशी त्याची पक्की समजूत असते, आणि मालकाच्याच खोलीत राहत असल्यामुळे नोकरीबरोबर डोक्यावरचं छप्परही जातं. मालकाला हे नीट ठाऊक असतं. दर महिन्याला थोडं थोडं देत राहिलं की माणूस उरलेल्या पैशांच्या आशेनं चिकटून राहतो. काही मालकांचा धंदा खरंच बसलेला असतो हे मान्य. पण भाजीवाल्याची आणि गॅसची बिलं वेळेवर जातात, थांबतो तो फक्त पगार. तेव्हा ती अडचण नसते, तो हिशेब असतो.

दत्ताला वाट दाखवली ती तंदूरवर काम करणाऱ्या गढवाली पोरानं. त्याच्या भावाचं प्रकरण शिवाजीनगरच्या न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मार्गी लागलं होतं. अशी प्राधिकरणं प्रत्येक जिल्हा न्यायालयात आहेत, ती गरजूंना मोफत कायदेशीर मदत देतात आणि १५१०० हा त्यांचा देशभराचा फोन क्रमांक आहे. दुपारच्या सुट्टीत दत्ता तिथे गेला. टेबलाशी बसलेल्या स्वयंसेविकेनं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "दादा, पगार किती तारखेपर्यंत व्हायला पाहिजे, माहितीये?"

दत्ता म्हणाला, "शेठ देतील तेव्हा."

"सात तारखेपर्यंत."

वेतन संहिता, २०१९ हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाला. १९३६ चा वेतन प्रदान कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा त्यात विलीन झाले. जुन्या कायद्याला पगाराची मर्यादा होती. महिना चोवीस हजारांच्या वरचा माणूस त्याच्या बाहेर राही, आणि तो ठरावीक आस्थापनांनाच लागू होता. नव्या संहितेत तशी मर्यादा नाही. आचारी, वेटर, भांडी घासणारा, कॅप्टन, मॅनेजर हे सगळे तिच्या कक्षेत येतात. 'हेड शेफ' असं पद लावून कुणाला बाजूला काढता येत नाही. महिनेवारी पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत दिलाच पाहिजे. नोकरी सोडली, काढलं किंवा हॉटेलच बंद पडलं, तर सगळा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. सोडलं की पैसे बुडतात, या समजुतीला कायद्यात आधार नाही.

पण दत्ताची अडचण वेगळीच होती. "मॅडम, माझ्याकडे कागदच नाही."

इथेच बहुतेक आचारी परत फिरतात, म्हणून जरा थांबून सांगतो. नेमणूकपत्र नसलं म्हणून माणूस कामगार ठरत नाही, असं नाही. आधी दाखवायचं असतं ते एवढंच, की मी इथे काम करत होतो. त्याचे पुरावे आपल्याकडे असतात, फक्त त्यांना आपण पुरावा समजत नाही. दत्ताच्या फोनवर मॅनेजरचे दोन वर्षांचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप होते: 'उद्या पार्टी आहे, नऊला ये', 'पनीर किती लागेल कळव'. जानेवारीचे आठ हजार हॉटेलच्या खात्यातून यूपीआयने आले होते, त्याची नोंद बँकेत होती. आणि एक कागद तर त्याच्या पत्र्याच्या पेटीतच होता. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते. डॉक्टरच्या त्या दाखल्याच्या ठरलेल्या नमुन्यात कामगाराच्या नावासोबत तो ज्या आस्थापनेत काम करतो तिचंही नाव असतं. मालकानं स्वतःचा परवाना सांभाळायला काढलेला तो दाखला दत्ताच्या नोकरीचा सगळ्यात भक्कम पुरावा निघाला.

यापुढची तरतूद फार थोड्या कामगारांना माहीत असते. पगार मिळाला नाही किंवा कमी मिळाला असा दावा झाला, की पैसे दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. 'मला मिळाले नाहीत' हे दत्तानं सिद्ध करायचं नाही, 'दिले' हे मालकानं दाखवायचं. 'रोख दिले' असं नुसतं म्हणून भागत नाही. सही, पावती, बँकेची नोंद, काहीतरी लागतं. म्हणूनच काही ठिकाणी रजिस्टरवर बावीस हजारांसमोर सही घेऊन हातात बारा ठेवतात, किंवा कोऱ्या व्हाउचरवर अंगठा घेतात. अशी सही म्हणजे मालकाला आयता पुरावा करून देणं. सही करायचीच वेळ आली तर मिळालेला आकडा आणि तारीख आपल्या हातानं लिहावी आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. दुसरं असं की, 'माझं काही येणं नाही' असा कागद लिहून घेऊन कायद्यातला हक्क काढून घेता येत नाही. तसा करार संहितेनुसार रद्दबातल ठरतो. तरीही त्यावर सही न केलेलीच बरी, कारण मग भांडण त्या कागदावरून सुरू होतं.

स्वयंसेविकेनं दत्ताला वहीत महिनावार हिशेब मांडायला लावला. मग विचारलं, "उचल घेतली होती का?"

घेतली होती. दिवाळीला गावी जाताना पंधरा हजार. ती सांगावी की नाही, यावर दत्ता चुळबुळला. पण ती आपणच अर्जात लिहावी हे उत्तम. उचल कापण्याचा मालकाला अधिकार आहे, आणि ती मालकानं बाहेर काढली तर आपल्या बाकीच्या आकड्यांवरही शंका येते. त्रेसष्टमधून पंधरा वजा जाता अठ्ठेचाळीस हजारांचा दावा ठरला.

एका राजपत्रित अधिकाऱ्यापुढे हा अर्ज चालतो. राज्य सरकार त्याला दाव्यांसाठी नेमतं, आणि त्याची चौकशी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात करता येते. अर्ज स्वतः कामगार करू शकतो किंवा त्याची नोंदणीकृत संघटना. अनेकांचे पगार थकले असतील तर सगळ्यांचा मिळून एकच अर्जही चालतो. गढवाली पोरगा आणि एक वेटर दत्ताबरोबर आले, आणि तिथेच प्रकरणाचं वजन बदललं. एकट्याला मालक 'कामचुकार' म्हणू शकतो, तिघांना म्हणणं कठीण जातं. अर्जासाठी मुदत तीन वर्षांची आहे. जुन्या कायद्यात ती बारा महिन्यांचीच होती.

सुनावणीत मालकानं दोन गोष्टी पुढे केल्या. एक, बहुतेक पगार रोख दिला. त्याचा कागद नव्हता. दुसरी, फुटलेली क्रोकरी आणि वाया गेलेला माल, असे नऊ हजार कापायचे आहेत. नुकसानाची कपात कायद्यात आहे, पण ती त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेल्या मालापुरती, त्याच्याच हलगर्जीनं झालेल्या नुकसानापुरती, आणि कापण्याआधी त्याला म्हणणं मांडायची संधी दिली असेल तरच. किचनभर सगळे हात लावतात त्या प्लेटा एकट्या आचाऱ्याच्या नावावर कशा टाकणार? अधिकाऱ्यानं ते नऊ हजार बाजूला काढले. शिवाय कोणत्याही महिन्यात सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत. म्हणजे बावीस हजार पगारातून जास्तीत जास्त अकरा कापता येतात. दत्ताची पंधरा हजारांची उचलही दोन महिन्यांतच वळती करता आली असती.

दाव्याच्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार या अधिकाऱ्याला आहे. हा आकडा ऐकून दत्ताचे डोळे चमकले. पण 'पर्यंत' या शब्दाकडे लक्ष द्यावं. किती द्यायची हे अधिकारी ठरवतो, आणि ती मिळेलच असं धरून चालू नये. दावा तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, पण तारखा पडतात. निकाल लागूनही मालकानं पैसे दिले नाहीत, तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. मालकानं मधल्या काळात हॉटेल बंद करून दुसऱ्या नावाची पाटी लावली, तर ही वसुली लांबत जाते. पगार कमी दिल्याबद्दल पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, मात्र तो दंड कामगाराच्या खिशात येत नाही.

तिसऱ्या तारखेला मालक तडजोडीला आला. अठ्ठेचाळीस हजार तीन हप्त्यांत, बँकेतून. दत्तानं भरपाईचा आग्रह सोडला. मला ते पटलं नाही. चार महिने त्यानं गावाकडे उसनवारीवर घर चालवलं, त्याचं व्याज कुणी दिलं? पण त्याच्यापुढे पोराच्या शाळेची फी होती, आणि लांबच्या भरपाईपेक्षा जवळचे अठ्ठेचाळीस हजार त्याला मोठे वाटले. पुढे त्यानं वाकडमध्ये दुसरी नोकरी धरली. राजीनामा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून त्याचा स्क्रीनशॉट ठेवला आणि शेवटच्या दिवसांचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत मागितला. तो पाच दिवसांनी मिळाला.

तुमच्या ओळखीत कुणी हॉटेलात राबत असेल, तर आठ तारखेला त्याला एवढं विचारा: पगार झाला का, किती झाला, आणि तो कुठे लिहून ठेवलाय का? नसेल ठेवला तर त्याच रात्री वहीत तारीख टाकून लिहायला सांगा, आणि डॉक्टरचा दाखला कुठे आहे तेही शोधायला सांगा.