खिचडीनंतरची दहा मिनिटं
(पहिलीच्या वर्गावर नव्यानं आलेल्या शिक्षिकेला, शेजारच्या वर्गाच्या बाईंचं पत्र)

मॅडम,
पहिल्या आठवड्यात एकच सवय पक्की करा: पोषण आहारानंतर वर्गात परत येणं. दिवसातला सगळ्यात जास्त वेळ तिथेच सांडतो.

सोमवारी सकाळीच शिकवा. पोरं भुकेली असताना काही डोक्यात शिरत नाही. आधी स्वतः करून दाखवा: ताट धुऊन पालथं घालायचं, चपला ओळीत, जागेवर बसून पाटी काढायची. मग चार मुलांकडून, मग सगळ्यांकडून. फळ्यावर एक चित्र आधीच काढून ठेवा. आधी आलेलं मूल ते पाटीवर उतरवत बसतं, रिकामं राहत नाही.

खरा गोंधळ नळापाशी होतो. माझ्याकडे तीस मुलं आणि दोन नळ. पाच-पाच जणांना सोडायला लागले तेव्हाच ढकलाढकली थांबली.

बुधवारी पुन्हा विसरतील. रागावू नका. दारापर्यंत परत न्या आणि चुकला तेवढाच टप्पा करून घ्या. शुक्रवारी काहीच न बोलता उभ्या राहा आणि किती पाट्या आपोआप निघतात ते मोजा. निम्म्याही निघाल्या नाहीत, तर वह्या वाटण्याची पुढची सवय आणखी एक आठवडा पुढे ढकला.