पीडीएफमध्ये अडकलेलं पुस्तक मोकळं करताना

सहा इंची ई-रीडरवर पीडीएफ उघडली की छापील पान जसंच्या तसं त्या छोट्या पडद्यावर आक्रसून बसतं. अक्षर मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते. ईपबमध्ये मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने मांडला जातो, म्हणून पीडीएफचं ईपब करण्याचं बटण दाबण्याचा मोह होतो. मराठी पुस्तकावर ते बटण दाबलं तर बहुतेकदा हाती येतात अर्ध्यावर तुटलेली वाक्यं, परिच्छेदाच्या पोटात शिरलेलं पुस्तकाचं नाव आणि भलत्याच जागी बसलेल्या वेलांट्या.

कारण पीडीएफच्या घडणीत आहे. अडोबीने १९९३ साली ती आणली, ती पान कुठेही सारखंच दिसावं म्हणून. ‘हा आकार पानावर अमुक जागी काढा’ एवढंच तिला सांगितलेलं असतं. परिच्छेद कुठे सुरू झाला, शीर्षक कोणतं, याची नोंद बहुतेक फायलींत नसते. ईपब म्हणजे आतून वेब पानांचा झिप केलेला गठ्ठा, आणि तिथे प्रत्येक परिच्छेदावर स्पष्ट खूण लागते. पीडीएफने जे सांगितलेलंच नाही, ते रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला अंदाजाने ठरवावं लागतं.

देवनागरीत हा अंदाज जास्त चुकतो. ‘किती’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी कागदावर क-च्या आधी येते, संगणकाच्या मजकुरात मात्र ती क-नंतर साठवलेली असते. जोडाक्षराचा तर एकच सलग आकार असतो. तो मुळात कोणत्या अक्षरांचा, हे सांगणारा तक्ता पीडीएफमध्ये अपुरा असेल तर ती अक्षरं गळतात किंवा बदलतात.

म्हणून आधी एक तपासणी करावी. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून साध्या टेक्स्ट फाईलमध्ये चिकटवावा. नीट मराठी उमटली तर काम सोपं. ‘मराठी’च्या जागी `ejkBh` असं काही आलं तर पुस्तक कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे. तिथे पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी कळांचीच नोंद असते. आणि काहीच निवडता आलं नाही तर ती पानांची छायाचित्रं आहेत. शेवटच्या दोन्ही प्रकारांत मला एकच वाट भरवशाची वाटते: पान चित्र मानून ओसीआरने अक्षरं नव्याने ओळखून घ्यायची.

समजा, हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’च्या जुन्या आवृत्तीचं स्कॅन आपल्याकडे आहे. हरिभाऊ १९१९ साली गेले आणि भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, त्यामुळे इथे हक्कांची अडचण नाही. ओसीआरएमवायपीडीएफ हा मोफत प्रोग्राम टेसरॅक्ट या ओसीआर यंत्रणेकडून काम करून घेतो. टेसरॅक्टची मराठी भाषेची फाईल वेगळी बसवावी लागते. मग ही आज्ञा:

```
ocrmypdf -l mar --deskew --force-ocr --sidecar pustak.txt pustak.pdf ocr.pdf
```

यातला कळीचा शब्द `--sidecar`. ओळखलेला मजकूर यामुळे वेगळ्या टेक्स्ट फाईलमध्येही मिळतो. बरेच जण ओसीआर झालेली पीडीएफच पुढे रूपांतराला घेतात आणि मजकूर पुन्हा पीडीएफमधून उपसताना वेलांट्यांचा तोच घोळ ओढवून घेतात. पुढचं सगळं काम `pustak.txt` वरच करावं. स्कॅन ३०० डीपीआयच्या आसपास असेल तर अक्षरं बरी ओळखली जातात.

आता नोटपॅड++ सारख्या संपादकात साफसफाई. सुरुवात प्रकरणांपासून: प्रत्येक शीर्षकाच्या ओळीआधी `# ` टाकावं, त्यावरूनच पुढे अनुक्रमणिका बनेल. मग प्रत्येक पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पृष्ठांक. नाव शोधून खोडायला गेलं तर हमखास काही जागा सुटतात, कारण ओसीआरने ते कुठे ‘घेतो’, कुठे ‘घेतों’ असं वाचलेलं असतं. पण या फाईलमध्ये दोन पानांच्या मध्ये एक अदृश्य खूण असते, `\f`. रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय चालू करून `\f\s*.*\R` शोधलं की त्या खुणेनंतरची पहिली ओळ सापडते. मात्र सगळं एकदम बदलू नये. प्रकरण सुरू होतं त्या पानावर बहुधा माथ्याची ओळ नसते, आणि तिथे शीर्षकच खोडलं जाईल.

यानंतर तुटलेल्या ओळी. कॅलिबर या रूपांतराच्या प्रोग्राममध्ये ओळी जोडण्याची सोय आहे, पण तिची रचना रोमन लिपीसारख्या लिप्या डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे, देवनागरीवर तिचा भरवसा धरता येत नाही. आपला नियम साधा: ओळ विरामचिन्हावर संपत नसेल तर वाक्य अपुरं आहे, पुढची ओळ तिला जोडायची. शोधायचं ते असं:

```
^(?!#)(.*[^.?!"”’\s]) *\R+(?!#)
```

त्याच्या जागी `$1` आणि एक मोकळी जागा. एका फेरीत सगळ्या ओळी जुळत नाहीत, म्हणून बदलण्यासारखं काही उरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा चालवायचं. शीर्षकं `#` मुळे वाचतात. या नियमाला मर्यादा आहे. परिच्छेदाच्या मधलं एखादं वाक्य नेमकं ओळीच्या शेवटी संपलं असेल तर तिथे खोटा परिच्छेद पडतो. छापील पानावर नवा परिच्छेद थोडा आत सरकवलेला असतो, ते पाहून या जागा हाताने जोडाव्या लागतात. कवितेच्या ओळी तर या नियमाने एकमेकींत मिसळतील, म्हणून कविता आधी बाजूला काढून ठेवाव्यात.

मुद्रितशोधनाला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि तो द्यावाच. ओसीआर ध आणि घ, भ आणि म, व आणि ब यांत गोंधळतं, रफार सोडतं, अनुस्वार गाळतं. जुन्या पुस्तकात आणखी एक धोका असतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत ‘केलें’, ‘नाहीं’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार आहेत. आजचा शब्दतपासक ते चुकीचे ठरवेल. त्याचं ऐकून सरसकट दुरुस्ती केली तर हरिभाऊंच्या काळचं लेखन पुसलं जाईल. मूळ पान शेजारी उघडं ठेवून तेच प्रमाण मानावं.

मग कॅलिबरबरोबर येणारी ही आज्ञा:

```
ebook-convert pustak.txt pustak.epub --formatting-type markdown --paragraph-type single --level1-toc "//h:h1" --language mr --embed-font-family "Noto Serif Devanagari"
```

फॉन्ट ईपबमध्येच घालण्याला कारण आहे. काही ई-रीडरांच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते आणि अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. हा फॉन्ट आधी संगणकावर बसवलेला असायला हवा, आणि रीडरवर ‘प्रकाशकाचा फॉन्ट’ हा पर्याय निवडायला हवा. किंडल तारेने चढवलेलं ईपब वाचत नाही. ‘सेंड टू किंडल’ने मात्र २०२२पासून ते पाठवता येतं.

फाईल उघडल्यावर अक्षर सर्वांत मोठं करून प्रत्येक प्रकरणाची दोन-चार पानं चाळावीत. ओळ पडद्याच्या मध्येच संपून पुढचा शब्द खाली गेलेला दिसला की तिथे जोड राहून गेली आहे. एखादा नेहमीचा शब्द शोधून पाहावा. डोळ्यांना दिसतो आणि शोधात सापडत नाही, तर आतली अक्षरं वेगळ्या क्रमाने साठवली गेली आहेत.

कोष्टकं, गणितं किंवा दोन रकान्यांचे शब्दकोश यांना ही मेहनत फळत नाही. आणि पुस्तक एकदाच वाचून ठेवायचं असेल तर `k2pdfopt` पुरतं. ते अक्षरं ओळखण्याच्या फंदात पडत नाही. पानाच्या चित्रातून शब्दांचे तुकडे कापून ते छोट्या पडद्याच्या मापाने पुन्हा ओळीत लावतं. त्यात शब्द शोधता येत नाही, फॉन्ट बदलता येत नाही, पण एकही अनुस्वार गळत नाही.