इहिरीतला गाय

मुलाखतीचं रेकॉर्डिंग शब्दांकनाच्या सॉफ्टवेअरला दिलं, की अकोल्याकडच्या शेतकरी आजोबांच्या तोंडचं वाक्य असं उमटू शकतं: "उन्हायात आमी इहीरीतला गाय काढला, मंग पानी लागल." यात काही चुका सॉफ्टवेअरच्या आहेत आणि बाकीचं आजोबांचं बोलणं आहे. चुका दुरुस्त करायच्या, बोलणं तसंच ठेवायचं.

सुरुवात डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीपासून करावी. 'शेतकऱ्यांना' हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकीत खास 'ऱ' असतो, तर दुसरीत साधा 'र' आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना अर्धे शब्द सापडत नाहीत. म्हणून सगळीकडे एकच तऱ्हा करून घ्यावी. हे काम डोळे झाकून करता येतं, कारण त्यानं उच्चार बदलत नाही.

पुढचं काम मात्र कानानं करायचं. 'विहीर'चं 'विहिरीतला' होताना दीर्घ ही ऱ्हस्व होते. तोच नियम 'इहीर'ला लावून 'इहिरीतला' करावं. 'लागल'वरचा अनुस्वार सॉफ्टवेअरनं गाळला असावा, पण तो सरसकट देऊ नये. काही भागांत 'लागेल'लाही 'लागल' म्हणतात. तेवढा तुकडा ऐकून ठरवावं. इथं 'काढला'मुळे भूतकाळ स्पष्ट आहे, म्हणून 'लागलं'.

आता 'गाय'. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, उन्हाळ्यात म्हणजे उन्हायात, तसा गाळ म्हणजे गाय. शब्द तपासणारं साधन 'गाय'वर अडत नाही, कारण तो कोशात आहेच. उलट वाक्य नीट करू पाहणारं साधन 'गाय काढली' करून मोकळं होईल आणि विहिरीतून जनावर निघेल! आपल्याला खूण देतो तो 'इहिरीतला... काढला' हा पुल्लिंगी मेळ. म्हणून सगळ्या 'य'चे 'ळ' करणारा नियमही चालत नाही. तसं केलं तर 'काय सांगू'चं 'काळ सांगू' होईल. 'गाय', 'काय', 'माय' अशा दोन अर्थांच्या शब्दांची यादी काढून प्रत्येक जागा वाक्यासकट वाचावी.

शेवटी तक्त्यात तीन रकाने ठेवावेत: सॉफ्टवेअरनं दिलेलं, आजोबांनी म्हटलेलं आणि प्रमाण रूप. दुसऱ्यात "उन्हायात आमी इहिरीतला गाय काढला, मंग पानी लागलं", तिसऱ्यात "उन्हाळ्यात आम्ही विहिरीतला गाळ काढला, मग पाणी लागलं". शोध तिसऱ्यात घ्यावा, छापताना दुसरा वापरावा. ऐकूनही उलगडलं नाही, तर तिसरा रकाना रिकामा ठेवून रेकॉर्डिंगमधली वेळ लिहावी, म्हणजे वऱ्हाडी बोलणारं कुणी भेटलं की तेवढाच तुकडा ऐकवता येतो.