कंपनीचे अवसायन : स्वेच्छेने आणि सक्तीने

भागीदारीची पेढी बंद करणे आणि कंपनी बंद करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भागीदारांनी एकत्र बसून हिशेब मिटवले, देणी-घेणी वाटून घेतली, की पेढी बहुधा संपते. कंपनी मात्र कायद्याने निर्माण केलेली स्वतंत्र व्यक्ती आहे आणि तिचा अंतही कायद्याने घालून दिलेल्या क्रमानेच व्हावा लागतो. तिची मालमत्ता विकायची, देणी भागवायची, उरेल ते भागधारकांना द्यायचे आणि मग तिचे अस्तित्व संपल्याचा आदेश मिळवायचा. या कामाला अवसायन म्हणतात आणि ते पार पाडणाऱ्यास अवसायक किंवा लिक्विडेटर. बुडालेल्या बँकांच्या बातम्यांतून हे शब्द मराठी घरांत पोहोचले, म्हणून त्यांना अप्रतिष्ठेचा वास येतो. वास्तविक उत्तम स्थितीतील कंपनीही अवसायनात काढता येते. किंबहुना, स्वेच्छेचा मार्ग कायद्याने अशाच कंपनीसाठी राखून ठेवला आहे.

१९५६ च्या कंपनी कायद्यात न्यायालयामार्फत, तसेच सभासदांच्या किंवा धनकोंच्या स्वेच्छेने, असे अवसायनाचे मार्ग होते. न्यायालयीन प्रकरणांत उच्च न्यायालयाशी संलग्न शासकीय अवसायक ताबा घेई आणि कित्येक प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळत. पुढे २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आली. १ एप्रिल २०१७ पासून स्वेच्छा-अवसायन तिच्या कलम ५९ खाली होते. देणी न फेडू शकणाऱ्या कंपनीचे प्रकरणही त्याच संहितेत गेले. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २७१ मध्ये न्यायाधिकरणामार्फत सक्तीने समापन करण्याची अन्य कारणे तेवढी राहिली.

त्यांपैकी दोन व्यापारी कुटुंबांनी ध्यानात ठेवावीत. लागोपाठ पाच आर्थिक वर्षांची हिशेबपत्रके किंवा वार्षिक विवरणपत्रे सादर केली नाहीत, तर ते एक कारण होते. दुसरे कारण म्हणजे समापन ‘न्याय्य व समुचित’ आहे असे न्यायाधिकरणाला वाटणे. या दुसऱ्याचा प्रसिद्ध दाखला लंडनमधील एका गालिच्यांच्या पेढीचा आहे. इब्राहिमी आणि नाझर या दोन भागीदारांनी १९५८ मध्ये आपल्या धंद्याची कंपनी केली. पुढे नाझर यांचा मुलगा आत आला, बापलेकांचे मताधिक्य झाले आणि १९६९ मध्ये त्यांनी इब्राहिमींना संचालकपदावरून दूर केले. कंपनी लाभांश देत नसे, नफा संचालकांच्या मेहनतान्यातून वाटला जाई. म्हणजे पद गेले की प्राप्तीही गेली. मताधिक्य कायदेशीर असले तरी परस्परविश्वासावर उभी असलेली कंपनी अशा रीतीने चालवणे न्याय्य नव्हे, असे ठरवून हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७२ मध्ये समापनाचा आदेश पुन्हा लागू केला. आपल्या न्यायालयांनी हे तत्त्व मानले, परंतु तो अखेरचा उपाय समजूनच वापरावा अशी त्यांची दृष्टी आहे. भावाभावांत अबोला झाला म्हणून चालती कंपनी कोणी सहजासहजी मोडून देत नाही.

बहुतेक कुटुंबांवर येणारा प्रसंग मात्र भांडणाचा नसून मंदीचा असतो. तो आकड्यांनी पाहिलेला बरा.

समजा, इचलकरंजीत सुताचा व्यापार करणारी तीन भावांची एक खासगी मर्यादित कंपनी आहे. तिघांचे भाग सारखे. पुढच्या पिढीला या धंद्यात रस नाही. कंपनीची देणी अशी : बँकेचे कॅश क्रेडिट १ कोटी ४० लाख, सूतवाल्यांचे ६० लाख, कामगारांचे १० लाख, जीएसटीचे ५ लाख, एकूण २ कोटी १५ लाख. कोणाचाही हप्ता वा बिल थकलेले नाही. गोदाम बँकेकडे तारण आहे. गोदाम, माल, येणी आणि शिल्लक मिळून ताळेबंदात मालमत्ता साडेतीन कोटींची दिसते.

स्वेच्छा-अवसायनासाठी संचालकांच्या बहुमताने प्रतिज्ञापत्रावर घोषणा करावी लागते. कंपनीवर देणे नाही, किंवा मालमत्ता विकून येणाऱ्या रकमेतून ते पूर्ण भागेल, आणि हे अवसायन कोणाला फसवण्यासाठी नाही, अशी ती घोषणा. सोबत मागील दोन वर्षांची लेखापरीक्षित हिशेबपत्रके आणि मालमत्ता असल्यास नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल. घोषणेनंतर चार आठवड्यांत भागधारकांनी विशेष ठराव करायचा आणि त्यातच नोंदणीकृत नादारी-व्यावसायिकाला अवसायक नेमायचे. देणे असेल तर ठरावापासून सात दिवसांत, देण्याच्या रकमेच्या दोन-तृतीयांशाइतक्या धनकोंची संमती हवी. आपल्या उदाहरणात बँकेचा वाटा सुमारे ६५ टक्के आहे, म्हणजे एकटी बँक ‘हो’ म्हणून पुरत नाही. थोड्या सूतवाल्यांनाही विश्वासात घ्यावे लागते, आणि बँकेवाचून तर काहीच होत नाही. ठराव करण्याआधी बँकेत जाऊन बोलणे शहाणपणाचे ते यासाठी.

ठराव झाला त्या दिवसापासून अवसायन सुरू झाले असे मानतात. विक्रीच्या सोयीपुरता भाग सोडल्यास कंपनीचा धंदा थांबतो. अवसायक पाच दिवसांत इंग्रजी व प्रादेशिक वृत्तपत्रांत जाहीर सूचना देतो. धनकोंना आपले दावे मांडण्यास अवसायन सुरू झाल्यापासून तीस दिवस मिळतात. तो दावे कागदपत्रांशी ताडून पाहतो, मान्य-अमान्य ठरवतो, कंपनीच्या नावापुढे ‘स्वेच्छा-अवसायनात’ असे शब्द जोडून बँकेत खाते उघडतो आणि सर्व विक्री-वसुली त्यातच जमा करतो. पाच हजारांवरील रक्कम रोखीने देता येत नाही. त्याला भावांनी नेमले, मेहनतानाही त्यांनी ठरवला. तथापि तो त्यांचा मुनीम नव्हे. देणी पूर्ण भागणार नाहीत किंवा कोणाची फसवणूक होते आहे असे त्याचे मत झाले, तर ही प्रक्रिया स्थगित करावी म्हणून त्याने स्वतःच न्यायाधिकरणाकडे जायचे असते.

साडेतीन कोटींचे प्रत्यक्षात ३ कोटी २० लाख आले आणि खर्च १० लाख झाला असे धरू. देणी वजा जाता ९५ लाख उरतात, प्रत्येक भावाला साडेएकतीस लाखांहून थोडे अधिक. भांडवली लाभावरील कराचा हिशेब सोयीसाठी बाजूला ठेवला आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, धनकोंची संमती लागलेल्या प्रकरणात हे काम २७० दिवसांत आणि इतरत्र ९० दिवसांत आटोपण्याचा दंडक घातला. अंतिम अहवालानंतर अवसायक न्यायाधिकरणाकडे विसर्जनाचा अर्ज करतो. या सरळ मार्गात न्यायाधिकरणाचे दार प्रथम ठोठावले जाते ते इथे.

आता तीच कंपनी भावांनी ‘पुढच्या हंगामात बाजार सुधारेल’ म्हणून आणखी दोन वर्षे चालवली असे समजू. बँकेचे देणे व्याजासह १ कोटी ९० लाख झाले. सूतवाल्यांचे १ कोटी ३० लाख झाले, त्यांतील एका गिरणीचेच १ कोटी ५ लाख. कामगारांचे पगार १५ लाख आणि जीएसटी १५ लाख थकला. दरम्यान थोरल्या भावाच्या पत्नीने कंपनीत ठेवलेले २५ लाख तेवढे परत केले गेले.

२४ मार्च २०२० पासून अशा अर्जासाठी थकबाकी किमान एक कोटीची लागते. गिरणीने मागणीची नोटीस दिली. दहा दिवसांत पैसेही नाहीत आणि वादाचा लेखी खुलासाही नाही. न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने अर्ज दाखल करून घेतला की त्या दिवसापासून संचालक मंडळाचे अधिकार स्थगित होतात. कंपनी वाचवण्याची योजना घेऊन कोणी आले नाही, तर अवसायनाचा आदेश निघतो. धंदा चालू ठेवला नसेल तर तो आदेशच कामगारांना सेवामुक्तीची सूचना समजला जातो. इथला अवसायक भावांनी निवडलेला नसतो.

घाईच्या विक्रीत गोदामाचे दीड कोटी आले, जुन्या मालाचे १५ लाख, येण्यांचे कसेबसे २५ लाख. एकूण १ कोटी ९० लाख. वाटपाचा क्रम कलम ५३ ने बांधून दिला आहे. प्रथम प्रक्रियेचा खर्च, येथे २० लाख. नंतर कामगारांचे चोवीस महिन्यांपर्यंतचे देणे आणि तारण सामाईक निधीत सोडलेल्या बँकेचे देणे, दोन्ही एकाच पायरीवर. त्यानंतर इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकार, मग सूतवाल्यांसारखे उरलेले धनको आणि अगदी शेवटी भागधारक. खर्च वजा जाता १ कोटी ७० लाख उरले, दुसऱ्या पायरीचे देणे २ कोटी ५ लाख. रुपयामागे सुमारे ८३ पैसे मिळाले. कामगारांना १५ पैकी साडेबारा लाखांच्या आत, बँकेला सुमारे १ कोटी ५७ लाख ५० हजार. सरकार, सूतवाले आणि भाऊ यांच्या हाती शून्य.

त्या २५ लाखांचे प्रकरण इथे बाहेर येते. नात्यातील व्यक्तीला इतर धनकोंच्या आधी दिलेली रक्कम, प्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच्या दोन वर्षांतील असेल, तर पक्षपाती व्यवहार म्हणून ती परत मागता येते. इतरांच्या बाबतीत ही मुदत एक वर्षाची आहे. घरच्या माणसाचे पैसे आधी सोडवण्याची वृत्ती समजण्यासारखी आहे, कायदा मात्र तिच्याकडे ममतेने पाहत नाही. ही रक्कम परत आली तर बँक आणि कामगार यांची रुपयामागची प्राप्ती ९५ पैशांपर्यंत जाते. सूतवाल्यांच्या पायरीपर्यंत तरीही काही पोहोचत नाही.

बँकेचे जे ३२ लाखांहून अधिक बुडाले, ते बुडालेले राहत नाहीत. भावांनी वैयक्तिक हमी दिलेली असते आणि कंपनी संपली म्हणून हमी संपत नाही. कंपनीचा नादारीचा निकाल लागल्याने हमीदार आपोआप मोकळा होत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये स्पष्ट केली. खासगी कंपनीकडून वसूल न झालेल्या जीएसटीसाठीही संचालकांना जबाबदार धरता येते. आपल्या हलगर्जीमुळे ती वसुली राहिली नाही, हे त्यांनाच सिद्ध करावे लागते.

स्वेच्छेचा मार्ग अजून खुला आहे की नाही हे ताळेबंदातल्या आकड्यांवरून कळत नाही. त्याच कागदावर शेजारी ‘आज विकल्यास’ असा दुसरा रकाना काढावा. मालाची खरेदी किंमत नव्हे, तर बाजारातला दलाल आज काय देईल ती लिहावी. सहा महिन्यांवरील येण्यांतून नित्य टाळाटाळ करणाऱ्यांची नावे वगळावीत. गोदामाला अपेक्षित नव्हे, तर मूल्यांकनकाराने लिहून दिलेला भाव धरावा. या रकान्याची बेरीज देण्यांच्या व खर्चाच्या वर असेल आणि एकही देणे थकलेले नसेल, तर प्रतिज्ञापत्रावर सही करता येते. एका व्यापाऱ्याचे बिल दुसऱ्याच्या उधारीवर भागवले जाऊ लागले, किंवा कॅश क्रेडिटचे खाते महिनोन्‌महिने मर्यादेलाच टेकून राहिले, तर ही बेरीज कमी होत चालली आहे हे उघड आहे.

आणि मार्ग स्वेच्छेचा असला तरी बँकेचे शेवटचे देणे फेडतानाच तीन कागद हाती घ्यावेत : हमीतून मुक्त केल्याचे पत्र, गोदामाचे मूळ दस्तऐवज, आणि कंपनी निबंधकाकडे बोजा उतरल्याची नोंद. विसर्जनाच्या आदेशानंतर कंपनीच्या वतीने सही करणारे कोणी उरत नाही, आणि राहून गेलेला कागद मिळवण्यास मग फार हेलपाटे पडतात.